दूध वाढलं, फॅट पडलं: एका गोठ्यातल्या वैरण-खुराकाचा हिशोब

दहा दुभत्या संकरित गायींचा गोठा. गायींचं वजन सरासरी ५०० किलो, व्यायल्याला दोन ते चार महिने झालेले, गायीमागे दिवसाला १८ किलो दूध आणि ३.९ फॅट. हिरवा चारा कमी पडायला लागला तसा मालकाने वैरणीचा हात आखडता घेतला आणि पोट भरायचं म्हणून खुराक वाढवला. पहिल्याच आठवड्यात दूध १८ वरून २० किलोवर गेलं. तिसऱ्या आठवड्यात फॅट ३.१ वर आलं आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, मात्र होतं तिथेच राहिलं.

मालकाचा पहिला संशय फॅटच्या मशीनवर, दुसरा धार काढणाऱ्या माणसावर. दोन्ही संशय तसे लवकर फिटले. दुधात पाणी गेलं असतं तर फॅटबरोबर एसएनएफही खाली आलं असतं. त्याच मशीनवर शेजारच्या गोठ्याच्या दुधाचं फॅट नेहमीसारखंच येत होतं. राहता राहिली नमुना घेण्याची पद्धत. सुरुवातीच्या धारांत फॅट कमी आणि शेवटच्या धारांत जास्त असतं, त्यामुळे कासेतलं शेवटचं दूध राहिलं किंवा कॅन न ढवळता वरवरचा नमुना घेतला तर आकडा फसवतो. म्हणून प्रत्येक गायीचं पूर्ण दूध काढून, ढवळून, वेगळे नमुने लावले. दहापैकी सात गायींचं फॅट दुधातल्या प्रथिनाच्याही खाली निघालं. सरासरी फॅट ३.१ आणि प्रथिन ३.३. निरोगी दुभत्या गायीत हे उलटं असायला हवं. फॅट प्रथिनाच्या खाली गेलं की मी मशीन सोडतो आणि गव्हाणीकडे जातो.

त्याआधी एक साधा गुणाकार करून घेऊ, कारण 'दूध तर वाढलंय ना' हे वाक्य इथे बराच वेळ आडवं आलं. १८ किलो दूध, ३.९ फॅट म्हणजे दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम स्निग्धांश. २० किलो दूध, ३.१ फॅट म्हणजे ६२० ग्रॅम. खुराक साडेचार किलोने वाढवूनही गाय आधीपेक्षा ८० ग्रॅम फॅट कमी देत होती.

गव्हाणीतला हिशोब

"वैरण अजूनही जास्तच आहे," असं मालक म्हणाले. त्यांचा हिशोब असा: हिरवा मका १० किलो, सुका कडबा ३ किलो, म्हणजे वैरण १३ किलो. खुराक ११ किलो. तेरा विरुद्ध अकरा, वैरण वरचढ.

वजनकाट्यावर हे बरोबर आहे, गायीच्या पोटात मात्र चूक. हिरव्या मक्यात ढोबळमानाने ८० टक्के पाणीच असतं. १० किलो हिरव्या मक्यातून कोरडा भाग म्हणजे शुष्क पदार्थ मिळतो जेमतेम २ किलो. कडबा आणि खुराक दोन्ही साधारण ९० टक्के कोरडे. म्हणजे कडब्याचे २.७ किलो आणि खुराकाचे ९.९ किलो. एकूण १४.६ किलो शुष्क पदार्थांत वैरणीचा वाटा ४.७ किलो, शेकडा ३२. खुराकाचा वाटा ६८.

आता टंचाईच्या आधीचा आहार याच काट्यावर मांडू. तेव्हा हिरवा मका २५ किलो (कोरडा ५), कडबा ५ किलो (कोरडा ४.५) आणि खुराक साडेसहा किलो (कोरडा ५.८५) होता. एकूण १५.३५ किलोंत वैरण शेकडा ६२. मालकाने काही मुद्दाम बिघडवलं नव्हतं. ओलं आणि सुकं एकाच काट्यावर मोजलं एवढंच. पण त्यामुळे ६२:३८ चा आहार ३२:६८ वर कधी गेला, ते त्यांना कळलंही नाही. दुभत्या गायीला शुष्क पदार्थात वैरण ५० ते ६० टक्के असावी, अगदी भरपूर दूध देणारी असली तरी ४० च्या खाली नेऊ नये, हा अंदाज बहुतेक ठिकाणी लागू पडतो. ३२ म्हणजे फारच खाली.

याला आणखी दोन गोष्टींची जोड होती. गायी कडब्याची जाड दांडकी गव्हाणीत टाकून देत होत्या, म्हणून कुट्टी यंत्र सर्वांत बारीक कापावर लावलेलं होतं. ओंजळभर कुट्टी आठ मिलिमीटरच्या चाळणीवर धरली, तर निम्म्याहून जास्त खाली पडली. आणि ११ किलो खुराक धारेच्या वेळी दोनदाच, म्हणजे एका वेळी साडेपाच किलो, तोही वैरणीच्या आधी, उपाशी पोटी. धार काढताना गाय शांत उभी राहते म्हणून.

कोठीपोटात काय चाललं होतं

कोठीपोट ही शंभर-दीडशे लिटरची, ३९ अंशांवर ठेवलेली आंबवणाची टाकी आहे. गाय जे खाते ते आधी या टाकीतले जिवाणू खातात आणि त्यांनी सोडलेली आम्लं गाय कोठीपोटाच्या भिंतीतून शोषून घेते. तिला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग, सत्तर टक्क्यांच्या आसपास, या आम्लांतून येतो. मुख्य आम्लं तीन: ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. वैरणीतला तंतू पचवणारे जिवाणू प्रामुख्याने ॲसिटिक बनवतात. धान्यातला स्टार्च पचवणारे प्रोपिऑनिक जास्त बनवतात, आणि तेही फार झपाट्याने.

ॲसिटिक आणि ब्युटिरिकपासून कास दुधातलं जवळपास निम्मं फॅट स्वतः घडवते. उरलेलं निम्मं रक्तातून, म्हणजे खाद्यातल्या आणि अंगावरच्या चरबीतून येतं. प्रोपिऑनिक यकृतात जातं, तिथे त्याचं ग्लुकोज होतं आणि त्या ग्लुकोजपासून कासेत दुधाची साखर बनते. ही साखर जितकी जास्त तितकं पाणी ती कासेत ओढते, म्हणजे दुधाचं माप तिच्यावर ठरतं. पहिल्या आठवड्यात दूध दोन किलोने का वाढलं याचं उत्तर इथेच आहे. भरड्यातला स्टार्च वाढला, प्रोपिऑनिक वाढलं, साखर वाढली, माप वाढलं. एसएनएफ टिकलं, कारण साखरेचं प्रमाण फारसं हलत नाही आणि जिवाणूंची वाढ चांगली असेपर्यंत प्रथिनही मिळत राहतं.

मग फॅट नुसतं ॲसिटिक कमी पडल्यामुळे घटलं का? बरीच वर्षं असंच मानलं जायचं आणि अजूनही तसं सांगितलं जातं. पण खुराक वाढल्यावर ॲसिटिकचं प्रमाण घटतं, एकूण उत्पादन तितकं घटत नाही. फॅट तीनवर आणण्याइतका फटका त्यातून बसत नाही. खरी मेख खाद्यातल्या तेलात आहे. मका, कोंडा, पेंड यांतली तेलं असंतृप्त असतात आणि कोठीपोटातले जिवाणू ती टप्प्याटप्प्याने संतृप्त करतात. आम्लता वाढली की हे काम वेगळ्या वाटेने जातं आणि मध्येच लिनोलेइक आम्लाचं एक वेगळं रूप तयार होतं. ते दिवसाला काही ग्रॅम जरी कासेपर्यंत पोहोचलं, तरी फॅट घडवण्याचं काम मंदावतं. म्हणून वैरण कमी आणि तेलकट खाद्य जास्त, ही जोडी एकत्र आली की फॅट धाडकन पडतं. या गोठ्यात खुराकात मक्याच्या भरड्याबरोबर तेलकट कोंडाही बराच होता.

आता ही आम्लता वाढली कशी? आम्लं तर वैरणीतूनही तयार होतात. फरक त्यांच्या वेगात आहे, आणि लाळेत. लांब सुकी वैरण असेल तर किलोभर खाऊन तिचा रवंथ पूर्ण करायला गायीला तासाच्या वर चावावं लागतं. किलोभर भरडा दहा-बारा मिनिटांत संपतो आणि त्यावर रवंथ जवळजवळ होतच नाही. जितकं चावणं तितकी लाळ. एवढ्या वजनाची गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेतून एक ते तीन किलो खाण्याच्या सोड्याइतकं आम्लरोधक कोठीपोटात उतरतं. इथे एका बाजूला साडेपाच किलो भरडा एकदम पडून आम्लाचा लोट येत होता, दुसऱ्या बाजूला पिठासारख्या कुट्टीमुळे चावणं आणि लाळ दोन्ही घटले होते.

कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान असतो. तो ६ च्या खाली गेला की तंतू पचवणाऱ्या जिवाणूंचं काम ढेपाळतं. म्हणजे गव्हाणीत जी थोडीफार वैरण शिल्लक होती तीही नीट पचत नव्हती. मालकाला वाटत होतं वैरणीची उणीव खुराकाने भरून निघतेय. प्रत्यक्षात खुराकच उरलेल्या वैरणीचं पचन खात होता.

गोठ्यात दिसलेल्या खुणा

गायी आजारी दिसत नव्हत्या, ताप नव्हता, खाणं चालू होतं. या प्रकारच्या सौम्य पण रोजच्या आम्लतेत तसंच असतं. एकाच वेळी पोतंभर धान्य खाऊन गाय बसते आणि उठत नाही, तो वेगळा आणि जीवघेणा प्रकार. इथे खुणा शोधाव्या लागतात.

पहिली खूण रवंथ. खाऊन दोन-तीन तास झाल्यावर गायी बसलेल्या असताना निदान निम्म्या तरी रवंथ करत असाव्यात. इथे दहातल्या दोन करत होत्या. त्यातल्या एकीच्या गळ्यावर नजर ठेवून घास वर आल्यापासून परत गिळेपर्यंतचं चावणं मोजलं. चाळीसच्या आत घास खाली गेला. तोच घास पन्नास-साठ वेळा चावला गेला पाहिजे.

दुसरी खूण शेण. एकाच गोठ्यात, एकच आहार खाणाऱ्या गायींचं शेण एकसारखं असायला हवं. इथे एकीचं पातळ, फेसकट आणि चकाकणारं, शेजारणीचं ठीक, तिसरीचं परत पातळ. दोन ओंजळी शेण बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतलं. चाळणीत मक्याचे अर्धवट दाणे, बोटाच्या पेराएवढे न पचलेले तंतू आणि शेवाळासारखे बुळबुळीत पापुद्रे उरले. दाणे आणि लांब तंतू सांगतात की कोठीपोटातून माल घाईने पुढे ढकलला गेला. पापुद्रे मोठ्या आतड्याचे असतात. कोठीपोटात न पचलेला स्टार्च तिथे जाऊन आंबला आणि आतड्याने अस्तर टाकलं, असा त्याचा अर्थ. शेण धुऊन बघणं कुणाला आवडत नाही, पण पाच मिनिटांत इतकं सांगणारी दुसरी तपासणी मला तरी माहीत नाही.

तिसरी खूण मालकाने स्वतःच बोलता बोलता सांगितली. "एक दिवस गव्हाण चाटून पुसून खातात, दुसऱ्या दिवशी तोंड लावत नाहीत." सामू घसरला की गाय खाणं आवरते, सामू सावरला की भुकेली होऊन तुटून पडते आणि परत घसरतो. अन्न नको वाटणं हा तिचा स्वतःचा इलाज असतो. अशा वेळी गूळ-मीठ लावून खुराक खाऊ घालू नये. इथे दोन गायींना तसा घातला जात होता.

शेवटी पशुवैद्यकांनी, खुराक खाऊन तीन तास झाल्यावर, तीन गायींच्या कोठीपोटातलं पाणी सुईने काढून सामू मोजला: ५.४, ५.५ आणि ५.९. या पद्धतीत ५.५ किंवा त्याखालचा आकडा आम्लतेचा धरतात. तीन गायींवरून कळपाचा निकाल लावणं थोडं धाडसाचं आहे, दहा-बारा नमुने असतील तर खात्री वाढते. पण फॅट, शेण, रवंथ आणि गव्हाणीचा हिशोब सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

आहार कसा बदलला

मालकाने विचारलेला पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "मग सोडा घालू का?" घाला म्हटलं, गायीमागे दिवसाला १५० ग्रॅम, खुराकात मिसळून, पण त्यावर विसंबू नका. लाळेतून किलोच्या हिशोबाने येणारं आम्लरोधक दीडशे ग्रॅमने भरून निघत नाही. चावणं परत आणल्याशिवाय सोडा म्हणजे मलमपट्टी.

हिरवा चारा तर मिळतच नव्हता. मुरघास उपलब्ध होता. त्यात कोरडा भाग साधारण ३० टक्के. नवा आहार असा ठरला: मुरघास १५ किलो (कोरडा ४.५), कडबा साडेचार किलो (कोरडा ४.०५), खुराक साडेसात किलो (कोरडा ६.७५). एकूण १५.३ किलो, वैरण शेकडा ५६. खुराकातला तेलकट कोंडा निम्म्यावर आणला. कुट्टीचा काप दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवला. याहून लांब ठेवला तर गायी दांडकी बाजूला सारून दाणा वेचून खातात आणि गव्हाणीत ५६:४४ असलेला आहार पोटात वेगळाच पडतो. म्हणून मुरघासाच्या ओलाव्यात कडबा मिसळून द्यायचा, म्हणजे निवडता येत नाही.

खुराक तीन वेळा, प्रत्येक वेळी अडीच किलो, आणि धारेच्या आधी तासभर वैरण. एका वेळी अडीच-तीन किलोंच्या वर खुराक न देणं हा नियम मी एकूण प्रमाणाइतकाच महत्त्वाचा मानतो. ५६ टक्के वैरण असूनही सगळा खुराक एकदाच घातला, तर तेवढ्या तासांपुरता सामू कोसळतोच. दिवसाची सरासरी जिवाणूंच्या काही उपयोगाची नसते.

बदल एका रात्रीत केला नाही. दहा-बारा दिवसांत खुराक रोज थोडा थोडा उतरवला. आम्लता असताना खुराक कमी करण्याची घाई समजण्यासारखी आहे, आणि आकडे याहून वाईट असते तर आम्हीही ती केली असती. पण वीस किलो दूध देणाऱ्या गायीची ऊर्जा अचानक काढली की ती अंगावरची चरबी जाळायला लागते.

याच कारणाने मालकाची पुढची सूचनाही मानली नाही. फॅटचं गणित पटल्यावर ते दुसऱ्या टोकाला गेले. "मग खुराक तीन किलोंवर आणतो, बाकी कडबाच घालतो." कडबा पचायला सावकाश. त्याचा निम्म्याच्या आसपास भाग पचतो आणि तो कोठीपोटात दोन दोन दिवस रेंगाळतो. जागा अडली की गाय पुढचा घास घेत नाही. म्हणजे पोट गच्च आणि ऊर्जा अपुरी. फॅटचा टक्का छान दिसेल, कधी चारच्या वरही जाईल, पण त्यातला काही भाग गाय झिजून दिलेला असेल. बरगड्या दिसायला लागणं, दूध चौदा-पंधरावर येणं आणि माजावर यायला उशीर होणं हे त्याचे पुढचे टप्पे. फॅटचा आकडा एकटा चांगला म्हणजे आहार चांगला, असं नसतं. दूध, फॅट आणि गायीचं अंग तिन्ही एकत्र बघावं लागतं.

पुढे काय झालं

शेण आणि रवंथ पाच-सहा दिवसांतच सुधारले. फॅटला मात्र वेळ लागला. पहिल्या आठवड्यात ते ३.१ वरून ३.२ झालं आणि मालकाचा धीर सुटायला आला. कोठीपोटातल्या जिवाणूंची घडण बदलायला आणि कासेवरचा अडसर उतरायला दोन-तीन आठवडे जातात, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सरासरी फॅट ३.७ आणि दूध साडेअठरा किलो. गुणाकार केला तर सुमारे ६८५ ग्रॅम फॅट, तेही आधीपेक्षा साडेतीन किलो कमी खुराकावर. जुन्या ७०० ला ते पोहोचलं नाही. मुरघास चांगला असला तरी पंचवीस किलो ताज्या हिरव्या मक्याची जागा पूर्णपणे भरत नाही, आणि गायी दुधाच्या काळात पुढेही सरकल्या होत्या.

दोन गायींचं फॅट मात्र ३.३ च्या पुढे सरकेना. दोघी पहिलारू. बघितलं तर गव्हाणीशी त्यांना थोराड गायी ढकलत होत्या आणि वैरण उष्टी होईपर्यंत त्यांना तोंड घालायला मिळत नव्हतं. खुराक मात्र धारेच्या वेळी प्रत्येकीला मोजून मिळायचा. कागदावर ५६ टक्के, त्यांच्या पोटात कितीतरी कमी. त्यांना वेगळं बांधल्यावर दहा-बारा दिवसांत फरक दिसला.

आणि दोनेक महिन्यांनी, सगळं सुरळीत झाल्यावर, एक गाय मागच्या पायाने लंगडू लागली. खूर तासल्यावर तळव्यात रक्ताचे डाग दिसले. आम्लतेच्या काळात खुराच्या आतल्या थराला इजा होते आणि तिथे तयार झालेलं खुराचं कठीण कवच हळूहळू खाली उतरतं, म्हणून डाग इतक्या उशिरा उघडा पडतो. मालकाने त्या दिवशी चालू असलेल्या आहाराला दोष दिला. खरं तर तो डाग दोन महिन्यांपूर्वीच्या ११ किलो खुराकाचा असण्याची शक्यता जास्त होती, जरी कडक जमिनीवर सतत उभं राहिल्यानेही असे डाग पडतात आणि एका खुरावरून दोन्हींत फरक करता येत नाही. आहार होता तसाच ठेवला, खूर तासून घेतले आणि बसायला मऊ जागा केली.

त्या गोठ्यात आता भाकड गायींचं वेळापत्रकही बदललं आहे. व्यायच्या आधी तीन आठवडे खुराक किलोभरापासून सुरू करून दोन-अडीच किलोंपर्यंत नेतात आणि व्यायल्यावर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो वाढवतात. कोठीपोटाच्या भिंतीवरचे आम्ल शोषणारे कोंब पूर्ण वाढायला चार ते सहा आठवडे घेतात, आणि भाकड काळात नुसत्या वैरणीवर राहिलेल्या गायीत ते आखूडलेले असतात. व्यायली म्हणून दुसऱ्याच दिवशी सात-आठ किलो घातलं, तर वैरणीचं प्रमाण कितीही बरोबर असलं तरी ती आम्लं शोषून घ्यायला भिंतच तयार नसते.